दारातला मोठा कूलर आणि मधल्याची किंमत

माझ्या धाकट्या मावसभावाचं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कूलरचं दुकान आहे. पावसाळ्यात तो तिथेच पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या विकतो, पण खरा धंदा मार्च ते जून. पारा पंचेचाळिशीला टेकला की विदर्भात कूलर ही चैन राहत नाही. पत्र्याच्या घरात दुपारी लेकरू झोपवायचं तर तो लागतोच. मी त्याच गावात ज्युनियर कॉलेजला कॉमर्स शिकवतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत संध्याकाळी त्याच्या गल्ल्यावर बसतो. पुढे जे सांगतो ते तीन उन्हाळ्यांच्या पावतीपुस्तकांवरून आणि दुकानात उभं राहून जे ऐकलं त्यावरून.

पहिल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे दोनच प्रकारचे कूलर होते. दोन्ही स्थानिक बनावटीचे, पत्र्याचे, तीन बाजूंना गवताच्या ताट्या असलेले. लहान ५,२०० रुपयांना. त्याला १५ इंची पंखा, २६ गेजचा पातळ पत्रा आणि मोटारीला ॲल्युमिनियमचं वायंडिंग. मोठा ८,४०० ला. त्यात १८ इंची पंखा, २४ गेजचा जाड पत्रा, मोटार तांब्याची आणि टाकी जवळपास दीडपट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पत्र्याचा गेज जितका मोठा तितका पत्रा पातळ. गिऱ्हाईक नेहमी इथेच फसतं. त्याला २६ हा आकडा २४ पेक्षा भारी वाटतो.

त्या उन्हाळ्यात ११८ कूलर गेले. त्यातले ७९ लहान, ३९ मोठे. म्हणजे तीन गिऱ्हाइकांपैकी दोघं लहान घेत होती आणि त्यांतली बरीच पुढच्या वर्षी जळलेली मोटार घेऊन परत येत होती. खेड्यावर संध्याकाळी व्होल्टेज पडतं, पंखा रडत रडत फिरतो, मोटार तापते. तांब्याची मोटार हा मार जास्त दिवस सोसते. भाऊ प्रत्येकाला हे समजावून सांगायचा. गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं, मान डोलवायचं आणि म्हणायचं, "बराबर आहे तुमचं भाऊ, पण तीन हजार जास्त काहून द्यावं?"

हा प्रश्न नीट ऐकण्यासारखा आहे. ८,४०० जास्त आहेत असं कोणी म्हणत नव्हतं. लोक ५,२०० पासून मोजत होते आणि वरच्या ३,२०० चा हिशेब मागत होते. आणि ५,२०० पासून मोजायला त्यांना शिकवलं होतं आमच्याच पाटीनं. दुकानाच्या दारावर भावानं हौसेनं रंगवून घेतली होती: "कूलर फक्त ५,२०० पासून." गिऱ्हाईक आत पाय टाकायच्या आधीच त्याच्या डोक्यात एक आकडा बसलेला असायचा, आणि पुढे जे काही दिसेल ते त्या आकड्यापेक्षा किती महाग हे तो बघायचा. आपल्याच हातानं खुंटी खाली ठोकायची आणि मग दोरी का पुरत नाही म्हणून चिडायचं, असला प्रकार.

किमतीच्या मानसशास्त्रात याला अँकरिंग म्हणतात; आपण नांगर म्हणू, जहाजाचा, शेताचा नव्हे. यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७४ साली छापला. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं होतं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांत आफ्रिकेतल्या देशांचं प्रमाण या आकड्यापेक्षा जास्त की कमी, आणि नेमकं किती टक्के. ज्यांना १० दिसला त्यांचा मधला अंदाज २५ टक्के आला, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. चक्राचा त्या देशांशी काडीचा संबंध नाही हे समोर दिसत असूनही. जी गोष्ट आपल्याला नक्की ठाऊक नसते तिचा अंदाज बांधताना मन हाताशी असलेल्या आकड्यापासून निघतं, आणि निघाल्यावर फार दूर जात नाही.

कूलरची किंमत किती असावी हे आमच्या गिऱ्हाइकाला कुठे नक्की माहीत असतं? कापसाचा भाव तो झोपेतही सांगेल. युरियाच्या पोत्यात दहा रुपयांचा फरक पडला तर भांडेल. पण कूलर घेतो आठ-दहा वर्षांतून एकदा. मागचा घेतला तेव्हाची किंमत विसरलेली असते, आणि आठवत असली तरी कामाची नसते.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या आधी भाऊ नागपूरला माल पाहायला गेला आणि येताना एक धूड घेऊन आला. स्टीलची बॉडी, गवताऐवजी हनीकॉम्ब पॅड, पुढच्या जाळीत निळे दिवे, हातात रिमोट. खरेदी १४,३०० ची, विक्री १६,५०० ला. असे दोन आणले. मी कपाळाला हात लावला.

"अबे, हे कोण घेईल इथं? २८,६०० रुपये अडकवून बसला तू."

"दादा, इकाले नाही आणलं. दाखवाले आणलं."

हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तो लग्नाच्या बस्त्याला साडीच्या दुकानात बसला होता आणि तिथल्या माणसानं आधी पैठणीच कशी उलगडली, मग उरलेल्या साड्या कशा स्वस्त वाटायला लागल्या, हे त्यानं बहिणीच्या लग्नात पाहिलं होतं. त्यानं एक धूड थेट दारात लावलं, दिवे चालू ठेवले, वर ठळक अक्षरांत १६,५०० ची चिठ्ठी लावली. त्याच्या बाजूला ८,४०० चा, जो आता मधला झाला. लहान आत, भिंतीशी. आणि दारावरची "५,२०० पासून"ची पाटी पुसून टाकली.

त्या उन्हाळ्यात १२४ कूलर गेले: लहान ४४, मधला ७३, मोठा ७. मधल्याचा वाटा तेहतीस टक्क्यांवरून एकोणसाठवर गेला. लहानावर भावाला ६०० सुटतात, मधल्यावर १,३००, मोठ्यावर २,२००. पहिल्या उन्हाळ्याची सुटलेली रक्कम ९८,१०० होती, दुसऱ्याची १,३६,७०० झाली. कूलर सहाच जास्त गेले, पण पदरात ३८,६०० जास्त पडले. त्यातले १५,४०० मोठ्याच्या सात विक्रींचे. उरलेला फरक लोक लहानावरून मधल्यावर सरकले त्याचा.

दुकानात उभं राहिल्यावर बदल आकड्यांच्याही आधी कानाला कळला. "तीन हजार जास्त काहून?" हे वाक्य जवळजवळ बंद झालं. त्याच्या जागी नवं वाक्य आलं. गिऱ्हाईक धुडापाशी थांबायचं, हात फिरवायचं, चिठ्ठी वाचायचं, "बाप्पा!" म्हणायचं आणि बाजूच्याकडे वळून विचारायचं, "हा केवढ्याले?" ८,४०० ऐकून त्याचा चेहरा सैल व्हायचा. आता तो मोजत होता वरून. १६,५०० मधून ८,४०० वजा केले तर ८,१०० वाचत होते. कूलर तोच, पत्रा तोच, किंमत तीच. त्याच्या मनातली वजाबाकी तेवढी बदलली होती. आधी तो विचारायचा की वर किती द्यावे लागतात. आता बघत होता की खाली किती सुटतात. महागड्या वस्तूचं खरं काम हे एवढंच असतं असं माझं मत झालं आहे. ती आपल्या शेजारच्या वस्तूला वेगळी वजाबाकी मिळवून देते.

पण याच जागी मला माझ्या कॉमर्सच्या मुलांसमोर उभं केल्यासारखं वाटलं. कारण भावानं एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. पाटी पुसली आणि धूड आणलं. शिवाय त्या वर्षी हरभऱ्याचा पैसा लोकांच्या हातात आधीच्या वर्षापेक्षा बरा होता. मधला जास्त खपला तो कशामुळे, हे दोन उन्हाळ्यांची बेरीज शेजारी मांडून सांगता येत नाही. दुकानदार मात्र नेमकं हेच करतात. एखादी गोष्ट बदलली, धंदा वाढला, की श्रेय त्या गोष्टीला देऊन मोकळे.

उत्तर आलं ते योगायोगानं. ११ मेला एका ठेकेदारानं शेवटचं धूड उचललं, दारात लावलेलं नमुन्याचंच. भावानं लगेच नागपूरला फोन केला, पण उन्हाळा ऐन भरात होता, तिकडे माल नव्हता. नवीन नग २३ मेला आले. मधले बारा दिवस दारात धूड नव्हतं. पाटीही नव्हती. दुकान तेच, भाव तेच, बोलणारा तोच.

धूड जायच्या आधीच्या बारा दिवसांत १७ कूलर गेले होते: लहान ५, मधले १०, मोठे २. धूड नसतानाच्या बारा दिवसांत १४ गेले: लहान ९, मधले ५. आणि त्या दिवसांत जुनं वाक्य परत कानावर आलं, "तीन हजार काहून जास्त?" पाटी नसतानाही. फक्त दोन कूलर समोर असले की खालचा आपोआप मोजणीचा पाया होतो.

यावर मी स्वतःच शंका काढली. मेच्या मध्यानंतर शेतकरी हात आखडतो, कारण बी-बियाण्याला आणि खताला पैसा राखायचा असतो. मग लहान कूलर जास्त जाणारच. ही शंका खरी असती तर २३ मेनंतर लहानाचा वाटा आणखी वाढायला हवा होता, कारण पेरणी आणखी जवळ आली होती. झालं उलट. धूड परत दारात लागलं आणि पुढच्या बारा दिवसांत १३ गेले: लहान ५, मधले ८, मोठा एकही नाही. नवतपाची झळ होती म्हणून लोकांनी मोठा पंखा घेतला, असं कोणी म्हणू शकेल, आणि ते मी पूर्ण खोडू शकत नाही. शिवाय तेरा-चौदा नगांचे आकडे म्हणजे काय, एका लग्नघरानं तीन कूलर नेले की चित्र पालटतं. तरीही धूड होतं, गेलं, आलं, आणि प्रत्येक वेळी मधला त्याच्याबरोबर वर-खाली झाला. एवढ्या लहान दुकानात याहून स्वच्छ पुरावा मिळणं कठीण. ज्याला स्वतःच्या दुकानात तपासायचं असेल त्यानं हंगाम-हंगाम तोलत बसू नये. एकाच हंगामात महागडी वस्तू दहा-बारा दिवस आत ठेवावी, पुन्हा बाहेर काढावी, आणि बाकी काही हलवू नये.

असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर आणि नीट बांधून इतामार सायमनसन आणि ट्व्हर्स्की यांनी १९९२ साली छापला आहे, कॅमेऱ्यांवर. लोकांना मिनोल्टा कंपनीचे दोन कॅमेरे दाखवले, एक सुमारे १७० डॉलरचा, दुसरा सुमारे २४० चा. निवड निम्मी-निम्मी झाली. दुसऱ्या गटाला याच दोघांबरोबर तिसरा, सुमारे ४७० डॉलरचा दाखवला. आता तिसरा घेणारे निघाले २१ टक्के. तेवढे गेले तर उरलेल्या दोघांचा वाटा सारखाच घटायला हवा. पण मधला ५० वरून ५७ वर चढला आणि स्वस्तातला ५० वरून २२ वर कोसळला. नवीन भाऊ वाटणीला आला आणि मधल्याची जमीन वाढली, असं घरात कधी होतं का? कॅमेऱ्यात झालं.

सायमनसन यांनी याचा मूळ विचार १९८९ साली मांडला होता, आणि त्यातली एक गोष्ट मला दुकानात रोज दिसते. मधलं निवडण्याची ओढ तेव्हा जास्त होते जेव्हा माणसाला आपली निवड दुसऱ्या कोणाला समजावून सांगायची असते. आमच्याकडे एप्रिल-मेमधला कूलर बहुतेक वेळा आंदणाचा असतो. घेणारा मुलीचा बाप असतो आणि वापरणारे व्याही. सोबत मुलीचा मामा, एखादा काका, आणि घरी गेल्यावर विचारणारी बायको. लहान घेतला तर व्याही नाव ठेवतील, धूड घेतलं तर भावकी म्हणेल कर्ज काढून मिरवतो. मधला घेतला की दोन्हीकडची तोंडं बंद. एका बापानं दुकानातच मामाला सांगितलेलं वाक्य माझ्या लक्षात आहे: "लय भारी नाही, लय हलका नाही, कोणी बोलाले नको." पंखा किती इंची हे त्यानं विचारलंही नाही. त्या सात विकल्या गेलेल्या धुडांतला एकच नग आंदणाचा होता. बाकी ठेकेदार, एक दवाखाना, एक किराणा दुकान, असे लोक, ज्यांना कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं.

म्हणजे आमच्या दुकानात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र काम करत होत्या, आणि त्या लोक नेहमी एकीत कालवतात. एक नांगर: १६,५०० हा आकडा आधी कानावर पडल्यानं ८,४०० लहान वाटणं. दुसरी मधलेपणाची ओढ: दोन टोकं टाळून मधे उभं राहणं. पहिलीला क्रम लागतो, म्हणजे महाग आधी दिसायला हवं. दुसरीला क्रम नाही लागला तरी चालतं, फक्त तिन्ही एकदम डोळ्यांसमोर हवेत. भावानं एकदा जागा नाही म्हणून धूड मागच्या बाजूला ठेवलं होतं, गिऱ्हाईक आधी लहान बघायचं आणि शेवटी धुडापर्यंत पोचायचं. मला वाटतं तेव्हाही मधला थोडा वर राहिला, पण "बाप्पा!" ऐकू येईना. ते चार-पाच दिवसच होतं, म्हणून त्यावर मी काही बांधत नाही.

आणखी एक युक्ती याच कुळातली आहे. माल पुरवणारा एजंट भावाला म्हणाला होता, ८,१०० चा एक ठेव. पंखा १८ इंची, पण पातळ पत्रा आणि ॲल्युमिनियमची मोटार. तो घेणार कोणीच नाही, पण त्याच्यापुढे ८,४०० चा सोन्यासारखा दिसेल. १९८२ साली ह्युबर, पेन आणि प्युटो यांनी दाखवलेल्या वेगळ्या परिणामाच्या जवळची ही युक्ती; त्यात टाकाऊ वस्तू एकाच वस्तूपुढे सरळसरळ कमी असते. भावानं नाही म्हटलं, कारण चुकून कोणी तो घेऊन गेलाच तर पुढच्या मेमध्ये जळलेली मोटार घेऊन येणार त्याच्याच दारात. आमचं धूड टाकाऊ नव्हतं. ज्याला खरंच हवं त्याला ते चांगलं होतं, आणि ते विकायलाही होतं. दोन्हींतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, दुकानदार म्हणूनही आणि माणूस म्हणूनही.

टाकाऊ वस्तूच्या युक्तीबद्दल फ्रेडरिक, ली आणि बास्किन यांनी २०१४ साली दाखवलं की ती मुख्यतः वस्तूंचं वर्णन नुसत्या आकड्यांत केलं तरच चालते. वस्तूचं चित्र दिसलं किंवा ती प्रत्यक्ष अनुभवता आली की विरून जाते. ते संशोधन आमच्या धुडाच्या प्रकाराबद्दल नाही, पण वाचून मला दुकानातली एक गोष्ट सुचली. लाइट असली की भाऊ तिन्ही कूलर चालू करून दाखवतो. घामाघूम माणूस १८ इंची पंख्यासमोर उभा राहिला, शर्टाची दोन बटणं काढली, की त्याला चिठ्ठ्या दिसतच नाहीत; तो वाऱ्यावर ठरवतो. लाइट गेली की तिन्ही पत्र्याचे डबे सारखेच निमूट, आणि मग सगळं बोलणं आकड्यांचं. धुडाची जादू मला तरी लाइट गेल्यावर जास्त दिसली. महावितरणला याचं श्रेय द्यावं का, ते भावालाच विचारा.

तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र त्यानं चूक केली, आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिनं. त्याचा हिशेब सरळ होता: १६,५०० च्या धुडानं ८,४०० चा खपवला, तर ४२,००० चं धूड १६,५०० चा खपवील. त्यानं मंगल कार्यालयात लावतात तसा चाकांचा, माणसाएवढा उंच कूलर भाड्यानं आणून दारात उभा केला. तीन आठवडे तो तिथे होता. १६,५०० चा एकही गेला नाही. मधल्याचा वाटाही आदल्या वर्षीपेक्षा खाली आला, आणि मुळात दुकानात शिरणारेच कमी झाले.

कारणं दोन, आणि दोन्ही बाहेरच्या बाकावर बसल्यावर ऐकू आली. एक तर तो कूलर लोकांना आपल्या मोजपट्टीवरचा वाटतच नव्हता. "तो हॉलचा हाय," एवढं म्हणून ते त्याला डोक्यातून काढून टाकत. बैलजोडी घ्यायला आलेल्याला ट्रॅक्टरची किंमत सांगून बैल स्वस्त वाटत नाहीत. महागडी वस्तू त्याच कामाची हवी, घेणं परवडत नसलं तरी घरात कल्पून बघता येईल अशी हवी. १६,५०० चं धूड लोक आपल्या माजघरात कल्पून बघत होते. म्हणून तर हात फिरवत होते.

दुसरं कारण जास्त धंद्याचं. दारातली वस्तू आत आलेल्याला किंमत शिकवते, तशी रस्त्यावरून जाणाऱ्याला दुकान कसलं तेही सांगते. खेड्यातून बाजारच्या दिवशी आलेली दोन माणसं पायरीपाशी थांबली, ४२,००० वाचलं आणि "हे आपलं दुकान नाही बा" म्हणून पुढे गेली. आत ५,२०० चा होता. त्यांना कसं कळणार? पाटी तर पुसली होती. पहिल्या उन्हाळ्यात खालच्या आकड्यानं लोक आत यायचे आणि खालीच थांबायचे; तिसऱ्यात वरच्या आकड्यानं बाहेरच थांबले. महागड्या नमुन्याची पावती फाडताना ही बाहेरून परत गेलेली माणसं कुठल्याच वहीत येत नाहीत, म्हणून हे नुकसान दिसत नाही. भावाला ते दिसलं कारण मी बाकावर बसलो होतो, आणि मी बसलो होतो कारण कॉलेजला सुट्टी होती.

भाड्याचं धूड परत गेलं. दारात पुन्हा निळ्या दिव्यांचं आलं, आणि खालच्या बाजूला बारीक अक्षरात "५,२०० पासून" परत लिहिलं, पण चिठ्ठीवर, पाटीवर नाही.

ज्याला किंमत पक्की माहीत आहे त्याच्यावर हे चालत नाही असं म्हणायचा मला मोह होतो, पण तेही पुरतं खरं नाही. नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी १९८७ साली अमेरिकेतल्या ट्यूसन शहरात घरांच्या दलालांना प्रत्यक्ष घर दाखवून त्याची किंमत ठरवायला सांगितली. फक्त कागदावर छापलेली मागणीची किंमत गटागटाला वेगळी दिली. रोज घरं विकणाऱ्या त्या दलालांचे अंदाजही छापील किमतीमागे सरकले, आणि विचारल्यावर बहुतेकांनी ती किंमत आपण धरलीच नाही असं सांगितलं. घर मात्र प्रत्येक वेगळं असतं. आमच्याकडे जो माणूस शेजारच्या तालुक्यात हाच कूलर ८,००० ला बघून येतो, त्याच्यापुढे धुडाचे दिवे कितीही लुकलुकले तरी तो ८,००० वरच बसतो. त्याचा नांगर आधीच टाकलेला असतो, नेमक्या त्याच वस्तूवर.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आधी, एक म्हातारे बाबा आले. धोतर, टोपी, हातात काठी. भाऊ सवयीनं धुडाकडे वळला तसे ते म्हणाले, "पोरा, तो दाखवाचा आहे तो सरकव बाजूले. मंग भाव सांग."

आम्ही दोघंही गप्प झालो. भावानं खरंच ते धूड ढकलून आत नेलं. बाबांनी लहानाचं झाकण उघडायला लावलं, मोटारीवर वाकून पाहिलं, मग मधल्याची पाहिली. "याच्यात तांबा आहे न् त्याच्यात नाही, एवढंच न?" पत्राही पातळ आहे, पंखाही लहान आहे, टाकीही, असं भाऊ सांगायला लागला. बाबांनी हात वर केला. खोली लहान आहे, झोपणारा एकटा मी, पत्र्यावर मी बसणार नाही. "या लहान डब्यात तांब्याची मोटार टाकून दे. किती?"

भावानं कॅल्क्युलेटर काढला. मोटारीच्या फरकाचे ८०० धरून ६,००० झाले. त्यावर त्याला सुटणार होते ७५०. तीन उन्हाळ्यांत हा कूलर आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता, कारण आम्हीही तीन चिठ्ठ्यांच्या मधेच मोजत होतो.

त्याच संध्याकाळी त्यानं कारागिराला तसले दहा डबे सांगितले. चिठ्ठी कुठे लावायची, लहानाच्या बाजूला की मधल्याच्या, यावरून आमचं अजून एकमत झालेलं नाही.